हेडलाइटचा फिरकीचा होल्डर कान न तोडता कसा काढायचा

चार वर्षांपूर्वी डाव्या इंडिकेटरचा बल्ब बदलताना मी होल्डरचा एक कान, म्हणजे होल्डरला हेडलाइटमध्ये अडकवून धरणारं प्लास्टिकचं छोटं टोक, तोडला. गाडी भांडुपला आमच्या सोसायटीच्या स्टिल्टखाली उभी होती आणि बाहेर जुलैचा पाऊस धो धो पडत होता. बंपरसमोर उभा राहून मी वाकलो, हात हेडलाइटच्या मागे घातला आणि ‘अँटिक्लॉकवाइज, अँटिक्लॉकवाइज’ असं घोकत होल्डर फिरवला. हलेना, म्हणून जरा जोर दिला. कट्ट. होल्डर तिथेच राहिला आणि कानाचा तुकडा हेडलाइटच्या आत पडला. तो पावसाळाभर काचेच्या आतून खुळखुळत होता. होल्डरभोवतीची रबराची ओ-रिंग नीट बसेना, त्यामुळे काचेला आतून वाफ धरली ती वेगळीच.

दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. मी अगदी मन लावून, पण उलट्या दिशेने फिरवत होतो. होल्डर मोडण्याच्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी हा घोटाळा असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दिशा: वरची बाजू क्लीनर साइडला

मॅन्युअलमध्ये ‘घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा’ असं लिहिलेलं असतं. हे हेडलाइटच्या मागून पाहणाऱ्यासाठी आहे, म्हणजे इंजिनाच्या जागी बसून पुढे रस्त्याकडे बघणाऱ्या माणसासाठी. आपण मात्र बहुधा गाडीच्या समोर उभे असतो, तोंड विंडस्क्रीनकडे, आणि हात दिव्याच्या मागे वळवून आत घातलेला. तिथून आपल्याला जे ‘उलट’ वाटतं, ते होल्डरच्या दृष्टीने सुलट असतं. म्हणजे आपण तो आणखी आवळत असतो. तो आधीच शेवटच्या टोकाला टेकलेला असतो. आवळलं की सगळा जोर कानावर जातो.

म्हणून मी घड्याळ डोक्यातून काढून टाकलं आणि एकच खूण धरली. काढताना होल्डरची वरची बाजू क्लीनर साइडला गेली पाहिजे, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत डाव्या सीटकडे. बसवताना ती ड्रायव्हर साइडला येते. तुम्ही समोर उभे असा, बाजूने वाकलेले असा किंवा चाकाच्या खोबणीतून हात घातलेला असो, ही खूण बदलत नाही. दुसरी गोष्ट, डावी आणि उजवी हेडलाइट एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात, म्हणून त्यांचे होल्डरही उलटसुलट फिरतील असं वाटतं. पण लॉकची दिशा सहसा दोन्हीकडे एकच असते. उजव्या बाजूचा काढतानाही वरचं टोक डावीकडेच जातं.

‘सहसा’ म्हटलं, कारण एखाद्या मॉडेलमध्ये वेगळं असू शकतं. होल्डरच्या मागे किंवा हेडलाइटच्या प्लास्टिकवर बऱ्याचदा बाण किंवा उघड्या-बंद कुलपाचं चित्र असतं. फोनचा टॉर्च लावून, फोन आत सरकवून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि बाहेर येऊन निवांत बघा. आत डोकं घालून बघण्यापेक्षा हे शंभरपट सोपं आहे.

तुमच्या हातात नेमकं काय आहे

या लेखातली माहिती फिरवून लॉक होणाऱ्या प्रकारासाठी आहे. एच४ बल्ब बहुतेक गाड्यांत रबरी बुटाखाली तारेच्या क्लिपने धरलेला असतो. तो फिरवायचा नसतो, त्यामुळे आज त्याचा विषय नाही.

फिरकीचे दोन प्रकार भेटतात. एच११, एचबी३, एचबी४ या बल्बांचा प्लास्टिकचा बुड बल्बलाच जोडलेला असतो आणि कानही त्याच बुडाला असतात. पुढे या बुडालाही मी होल्डरच म्हटलंय. बल्ब बदलला की कानही नवे मिळतात. त्यामुळे यात जुन्या बल्बचा कान मोडला तर फार रडू नका. जपायचं ते हेडलाइटच्या बाजूला असलेल्या ओठाला, ज्याच्या मागे हे कान अडकतात. तो ओठ हेडलाइटचाच भाग असतो. तो उडाला की अख्खी हेडलाइट बदलण्यापर्यंत गोष्ट जाते.

इंडिकेटर आणि पार्किंग लाइटचं याच्या बरोबर उलट असतं. तिथे होल्डर वेगळा, वायरींना कायमचा जोडलेला, आणि बल्ब त्यात खोचलेला. बल्ब स्वस्तातला, पण होल्डरचा कान मोडला तर वायरिंगला हात लावावा लागतो. म्हणजे माझा जो मोडला, तो जपायचा नेमका तोच तुकडा होता.

कान कुठे असतात हे डोळ्यांपुढे आणा. होल्डरची मागची चकती साधारण तीन सेंटीमीटर व्यासाची असते आणि ती बाहेर दिसते. तिच्या पुढे ओ-रिंग, आणि ओ-रिंगच्या पुढे, हेडलाइटच्या आत, तीन कान. सहसा त्यातला एक रुंद असतो, म्हणजे होल्डर एकाच पद्धतीने बसावा. लॉक झाल्यावर कान ओठाच्या मागे सरकतात आणि दाबलेली ओ-रिंग चकतीला सतत मागे ढकलत राहते. म्हणजे कान ओठावर कायम ताणून बसलेले असतात. पूर्ण न फिरवता होल्डर ओढलात, तर तो सगळा ओढा तीन पातळ कानांच्या मुळाशी जातो. आणि वायरीच्या बाजूने तिरकं ओढलंत, तर तिघांऐवजी एकट्यावर.

वर्षानुवर्षं बल्बच्या उष्णतेत राहून हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि ओ-रिंग सुकून हेडलाइटला चिकटते. म्हणून नवीन गाडीत जो होल्डर अंगठ्याच्या दाबाने सुटतो, तोच दहा वर्षांनी दात खाऊन बसतो.

भावोजींची गाडी

गेल्या महिन्यात भावोजींचा फोन आला. उजवीकडचा लो बीम गेलाय. रात्री मुलुंडहून ऐरोलीला ब्रिजवरून जाताना एकाच डोळ्याने चालवली म्हणाले. गाडी अकरा वर्षांची सेडान, बल्ब एच११, ५५ वॅटचा, आणि आजवर कधी बदललेला नाही. दुरुस्तीला दिली तर बंपर उतरवावा लागेल असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

“बंपर उतरवायचा म्हणजे क्लिपा तुटणार आणि मग खडखडाट सुरू,” ते म्हणाले. “तूच बघ ना एकदा. तुझा हात बारीक आहे.”

“भावोजी, हात बारीक असून माझाच कान तुटला होता. पण रविवारी आणा. बघू.”

एकच बल्ब गेला होता, म्हणून बल्बवर किंवा त्याला वायरी जोडणाऱ्या कपलरवर संशय होता. दोन्हीकडचे लो बीम एकदम गेले असते, तर मी आधी फ्यूज, रिले आणि स्विच बघितले असते आणि होल्डरला हातच लावला नसता. विनाकारण काढलेला होल्डर विनाकारण मोडतो.

गाडी आली ती तासभर उभी ठेवली. हॅलोजनची काच विझल्यावरही बराच वेळ चटका देते, आणि रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होतो. किल्ली खिशात. घड्याळ, अंगठी, हातातलं कडं काढून ठेवलं, कारण बॅटरीच्या आसपास धातू नको. फुल बाह्यांचा जुना शर्ट घातला. इंजिनाच्या खाचांमधल्या पत्र्याच्या कडा मनगटाला ओरखडे काढतात, आणि ओरखडा लागला की माणूस दचकून हात ओढतो. त्या झटक्यातही होल्डर मोडलेला मी पाहिलाय.

आधी जागा करा

उजव्या हेडलाइटच्या मागे या गाडीत बॅटरी होती. तिच्यात आणि हेडलाइटमध्ये जेमतेम चार बोटं मावतील एवढं अंतर. चार बोटं आत जातात, पण मग मनगट फिरत नाही आणि होल्डरला एकाच बाजूने पकडता येतं. एका बाजूची पकड म्हणजे तिरका जोर, आणि तिरका जोर म्हणजे एकाच कानावर भार. त्यामुळे ‘हात पोचतोय ना’ एवढं पुरत नाही. होल्डरच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना अंगठा आणि बोट टेकवून तो फिरवता येईल इतकी जागा हवी.

म्हणून बॅटरी काढली. दहाचा पाना घेऊन आधी मायनस, मग प्लस, मग खालची पट्टी. बसवताना उलट क्रम, प्लस आधी. वीस मिनिटं जातात, पण त्या वीस मिनिटांनी पुढचं काम वाचतं. तुमच्या गाडीत बॅटरीऐवजी एअर फिल्टरकडे जाणारा प्लास्टिकचा नळ किंवा वायपरच्या पाण्याच्या बाटलीचा गळा आडवा येत असेल. तो बहुधा दोन-तीन क्लिपांनी धरलेला असतो. क्लिपेची मधली टिकली आधी वर उचला आणि मगच क्लिप खेचा.

वरून काहीच जमत नसेल तर चाकाच्या बाजूने मार्ग आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर बाजूला होतो आणि चाकाच्या खोबणीतलं प्लास्टिकचं अस्तर उघडं पडतं. काही गाड्यांत तिथे मुद्दाम झाकण ठेवलेलं असतं, काहींत दोन-तीन स्क्रू काढून अस्तर वाकवावं लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात तिथे चिखलाचा थर असतो, तेव्हा आधी झटका. नाहीतर माती होल्डरच्या तोंडाशी जाऊन बसते आणि नवी ओ-रिंग तिच्यावरच दाबली जाते.

खाली एक जुना टॉवेल पसरा. इथे पडलेली गोष्ट खालच्या कव्हरमध्ये जाऊन लपते आणि मग कव्हर काढायला गाडी वर घ्यावी लागते.

कपलर आधी की होल्डर आधी

हाताला कपलरचं कुलूप लागत असेल तर कपलर आधी काढा. कपलर जोडलेला असताना होल्डर फिरवला की वायरींचा जुडगा त्याला मागे ओढतो, आणि एच११चा कपलर काटकोनात असल्यामुळे तो आपसूक हँडलसारखा हातात येतो. तो धरून फिरवायचा मोह होतो. करू नका. हँडल धरलं की होल्डर फिरण्याऐवजी तिरपा होतो.

कपलरचं कुलूप दाबून नुसतं खेचत राहिलात तर ते सुटत नाही, कारण खेचल्याने कुलूप आणखी ताणलं जातं. आधी कपलर दिव्याकडे आत दाबा, किंचित. मग कुलूप दाबा आणि दाबून ठेवूनच मागे ओढा. काही कपलरवर लाल किंवा पिवळी सरकपट्टी असते, ती आधी सरकवावी लागते. भावोजींच्या गाडीत कपलर निघाला, पण बाहेरून पांढरट बुरशीसारखं काहीतरी लागलेलं होतं. खारी हवा आणि पाणी मिळून पिनांवर करतात तसं. हे पुढे लागणार म्हणून लक्षात ठेवलं.

कुलपापर्यंत बोटच पोचत नसेल, तर कपलर तसाच राहू द्या. होल्डर फिरवून बल्ब कपलरसकट बाहेर काढा आणि मोकळ्या हवेत तो वेगळा करा. फक्त फिरवताना पकड चकतीवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने वायरीला ढील द्या. दुसरा हात आत जात नसेल तर वायरी ज्या क्लिपेत अडकवलेल्या आहेत त्या क्लिपेतून आधी सोडवा. तेवढी ढील पुरते.

खूण, तेल, दाब, फिरकी

आता मुख्य काम. त्याआधी घरातलं व्हाइटनर घेऊन मी होल्डरच्या चकतीवर आणि हेडलाइटच्या प्लास्टिकवर, दोन्हींना ओलांडणारी एक रेघ ओढली. नेलपॉलिशही चालतं. आत अंधार असतो, बोटांना वाटतं होल्डर हलला, पण हललेलं असतं फक्त रबर. रेघ तुटली की खरंच हलला हे फोनच्या कॅमेऱ्यात दिसतं. ही माझी सगळ्यांत आवडती युक्ती.

होल्डर पाव फेऱ्यापलीकडे कधीच फिरत नाही, बहुतेक वेळा त्याच्या निम्माच. घड्याळात काटा बारावरून मागे साडेदहापर्यंत येतो इतका. चकतीच्या कडेवर ते अंतर साधारण एक सेंटीमीटर होतं. म्हणजे रेघेच्या दोन तुकड्यांमध्ये सेंटीमीटरभर फट पडली की तो सुटला असं समजा. त्याआधी ओढायचं नाही.

पहिल्या प्रयत्नात तो हललाच नाही. मी जोर वाढवला नाही. कापसाच्या काडीला सिलिकॉन स्प्रे लावून चकतीच्या भोवती, जिथे ती हेडलाइटला टेकते तिथे, गोल फिरवला. थेट स्प्रे मारला नाही, कारण तो आत उडून काचेच्या आतल्या बाजूला बसतो आणि तिथून पुसता येत नाही. पेट्रोल, थिनर किंवा नेहमीचं गंज सोडवणारं तेल इथे नको. त्याने रबर फुगतं आणि काही प्लास्टिकला तडे जातात. काडीने लावून पंधरा मिनिटं थांबलो. चहा झाला. भावोजी म्हणाले, “एवढ्या वेळात गॅरेजवाल्याने दोन गाड्या उरकल्या असत्या.” मी म्हटलं, “उरकल्या असत्या खऱ्या.”

दुसऱ्या प्रयत्नाला पकड बदलली. बोटं घसरत होती, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा चकतीभोवती गुंडाळला. रबराचे ठिपके असलेले हातमोजे असतील तर तेही चांगले, पण अरुंद जागेत मोजा जाडसर होतो. अंगठा एका बाजूला, मधलं बोट बरोबर समोरच्या बाजूला.

आता सगळ्यांत महत्त्वाची हालचाल. फिरवायच्या आधी होल्डर दिव्याच्या दिशेने, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला, आत दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. ओ-रिंग दबली की कानांवरचा ताण सुटतो आणि ते ओठावर घासत नाहीत. दाब ठेवून आधी किंचित आवळायच्या दिशेने, अगदी केसभर. ओ-रिंग चिकटलेली असते ती यात सुटते. आवळायला जोर लावायचा नाही, फक्त चिकटलेपणा मोडायचा. मग सोडवायच्या दिशेने, वरची बाजू क्लीनर साइडला. परत केसभर मागे, परत पुढे. तिसऱ्या-चौथ्या वेळेला रबराचा ‘च्यर्र’ असा आवाज आला आणि रेघेत दोन मिलिमीटर फट दिसली. तिथून पुढे तो आपला आपण गेला आणि एका जागी टणक थांबला.

ही थांबण्याची जाणीव ओळखायला शिका. चिकटलेला होल्डर फिरवताना बोटांना रबरासारखं, मऊ, परत उसळणारं काहीतरी लागतं. टोकाला पोचलेला होल्डर लाकडाला टेकल्यासारखा थांबतो. रबर लागलं तर थांबून पुन्हा सिलिकॉन लावा. लाकूड लागलं आणि रेघेत सेंटीमीटरभर फट असली तर तो सुटलाय. लाकूड लागलं पण फट नसली, तर तुम्ही उलट दिशेने फिरवताय, हात बाहेर काढा.

सिलिकॉनही चाललं नसतं तर हेअर ड्रायर लावला असता, मिनिट-दोन मिनिटं, हात पोळणार नाही इतपत. ऊब मिळाली की रबर सैल होतं आणि प्लास्टिकही जरा लवचिक होतं. पेंट उतरवायची गरम हवेची गन मात्र नको, ती हेडलाइटचं प्लास्टिकच वितळवते. पक्कड अगदी शेवटी. ती वापरायचीच झाली तर मोठ्या जबड्याची वॉटर पंप पक्कड, जबड्यांना कापड गुंडाळून, चकतीच्या दोन समोरासमोरच्या कडांवर. मागच्या बाजूला बाहेर आलेल्या तोंडावर, जिथे कपलर बसतो, तिथे कधीच नाही. ते तोंड पोकळ असतं.

सुटल्यावर होल्डर सरळ मागे ओढायचा. तिरका ओढला की काच रिफ्लेक्टरच्या भोकाच्या कडेला घासते. ओ-रिंग शेवटचा प्रतिकार करते, तेव्हा हलकंसं डावं-उजवं फिरवत ओढा, पण टोकापर्यंत उलट फिरवू नका, नाहीतर कान परत ओठात जाईल. काच पूर्ण बाहेर आली की मग हवा तसा वळवून काढा.

बाहेर आल्यावर आधी कान मोजा

काढलेला बल्ब उजेडात धरून आधी कान मोजा. तीन असले पाहिजेत. एखादा तुटलेला असेल तर तुकडा हेडलाइटच्या आत आहे असं धरून चाला. मोठा व्हॅक्यूम क्लीनर तिथे पोचत नाही. काडीच्या टोकाला डबल टेप लावून तो उचलता येतो. व्हॅक्यूमच्या नळीला टेपने शीतपेयाचा स्ट्रॉ जोडला तरी निघतो. तो आधी काढा, मग नवा बल्ब. नंतर भोकच बंद होतं.

भावोजींच्या बल्बचे तिन्ही कान जागेवर होते. काचेच्या आतली तार तुटलेली दिसली. ओ-रिंग मात्र चपटी होऊन वाळली होती, एका बाजूने हेडलाइटला चिकटून तिचा छोटा तुकडा तिथेच राहिला होता. म्हणजे वर जे चिकटलं होतं ते हेच. तो तुकडा प्लास्टिकच्या काडीने खरवडून काढला. स्क्रू ड्रायव्हरने नाही, कारण ओठाला चरा पडला तर तिथून पाणी येतं.

कपलरच्या आत वाकून बघितलं. पिनांवर तीच पांढरी पूड होती, पण प्लास्टिक तपकिरी झालेलं नव्हतं. तपकिरी, भाजल्यासारखं प्लास्टिक असेल तर तिथे जोड ढिला होऊन गरम होत होता असं समजा. तो कपलर वायरीच्या तुकड्यासह बदलावा, नाहीतर नवा बल्बही लवकर जाईल. पांढरी पूड मऊ ब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने निघाली.

माझ्यासारखा इंडिकेटरचा होल्डर मोडला असेल, तर फेव्हिक्विकसारखं इन्स्टंट गोंद लावून कान जोडण्याचा नाद सोडा. त्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूवर पांढरा थर धरते, आणि उष्णतेत तो जोड टिकतही नाही. कंपनीच्या पार्ट काउंटरवर तो होल्डर सुट्टा मिळतो का आधी विचारा. तिथे वायरिंगसकटच विकतात असं म्हटलं तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या सामानाच्या दुकानांत फेरी मारा. जुनी हेडलाइट घेतली तर तिच्या मागचे होल्डर त्यातच येतात. माझा तसाच मिळाला. विकत घेण्याआधी दुकानातच तो होल्डर एकदा फिरवून, काढून, कान बघून घ्या. दुकानदार कुरकुरेल, तरी बघा. तीनपैकी एकच कान गेला असेल आणि होल्डर सरळ, घट्ट बसत असेल, तर नवा मिळेपर्यंत गाडी चालवता येते, पण पावसात काचेत वाफ दिसू लागली की थांबू नका.

परत बसवताना

नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर सर्जिकल स्पिरिटने पुसून कोरडा करा. नव्या ओ-रिंगला सिलिकॉनचा हात फिरवा, नुसता चमकण्याइतका. पुढच्या वेळेला ज्याला काढायचा आहे, तो बहुधा तुम्हीच असाल.

रुंद कान रुंद खाचेसमोर आणा. नाही जमत असं वाटलं तर फोनने आतला फोटो काढून बघा, चाचपडत ढकलू नका. चकती सगळीकडून हेडलाइटला टेकेपर्यंत आत दाबा, एक बाजू उचललेली नको. मग दाब ठेवूनच वरची बाजू ड्रायव्हर साइडला फिरवा. लाकडासारखा टणक थांबा लागला की बस. त्यापुढे आवळायचं काही नसतं.

याच टप्प्यावर एक इशारा. एच११च्या जागी पंखा किंवा जाड धातूची शेपटी असलेला एलईडी बसवायचा मोह होतो. ते वजन तीन कानांवर लटकतं आणि खड्ड्यांतून दिवसभर हलतं. पुढच्या वेळेला काढताना ओठच तुटलेला सापडेल, अशी शक्यता माझ्या मते चांगलीच आहे. ५५ वॅटच्या जागी जास्त वॅटचा हॅलोजनही नको. जास्तीची उष्णता हेच प्लास्टिक ठिसूळ करते, आणि कपलरचीही वाट लावते.

कपलर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवा, मग हलकेच ओढून बघा. बॅटरी जोडण्याआधी होल्डरला दोन बोटांनी पकडून पुढे-मागे ढकलून बघा. तो जरासुद्धा टुकटुकला नाही पाहिजे. टुकटुकत असेल तर एक कान खाचेत गेलेलाच नाही, किंवा चकती वाकडी बसलीय.

बॅटरी जोडली, घड्याळाची वेळ लावली आणि गाडी स्टिल्टच्या भिंतीपासून तीन-चार मीटरवर उभी केली. दोन्ही लो बीम भिंतीवर पडले. वर अंधार, खाली उजेड अशी जी कडा दिसते, ती दोन्हींकडे एकाच पातळीवर आणि सारखी स्वच्छ असायला हवी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा उजवीकडची कडा अर्ध्या वीतभर वर आणि पसरट होती. भावोजी म्हणाले, “हेडलाइटचा स्क्रू फिरवायला लागेल.” मी आधी हात आत घातला. चकतीची खालची बाजू केसभर उचललेली होती. वायरीचा एक लोंबता तुकडा खाली अडकून तिला मागे ओढत होता. वायरी तिच्या क्लिपेत परत अडकवल्या, होल्डर सोडवून पुन्हा दाबून फिरवला, आणि कडा जागेवर आली. स्क्रूला हात लावला नाही.

दुपारी दोनला सुरू केलं होतं, साडेतीनला संपलं. त्यातली वीस मिनिटं बॅटरीची, पंधरा सिलिकॉनची आणि पाच त्या वायरीची. जुना बल्ब मी ठेवून घेतला आहे. त्याच्या बुडाला अजून व्हाइटनरची अर्धी रेघ आहे, दुसरी अर्धी भावोजींच्या हेडलाइटवर.